सरतपास दाखल झाल्यावर दाव्यात दुरुस्ती: कोणती मिळते, कोणती नाही

प्रश्न (जानेवारी २०२५): "वकीलसाहेब, आमचा बांधाचा दावा आहे. जून २०१९ मध्ये कायम मनाईसाठी लावला. १० डिसेंबर २०१९ ला कैफियत आली, त्यात आमच्या चुलत्यांनी २०१२ साली त्यांना १० आर विकल्याचं खरेदीखत दाखवलं. ऑगस्ट २०२२ ला मुद्दे निघाले, जानेवारी २०२३ ला माझा सरतपास दाखल झाला. मे २०२३ मध्ये त्यांनी बांध फोडून ८ आर नांगरात घेतलं. पोलिसांत एनसी केली, जुलैत कोर्टाकडून मोजणी मागितली, नकाशा नोव्हेंबर २०२३ ला आला. माझा उलटतपास अर्धा झालाय. आता दाव्यात तीन दुरुस्त्या करायच्या आहेत: ८ आरचा कब्जा मागायचा, ते खरेदीखत रद्द मागायचं, आणि कलम ३ मध्ये गट नंबर २१४ चा २४१ टाइप झालाय तो नीट करायचा. समोरचे वकील म्हणतात ट्रायल सुरू झाली, आता काही होत नाही. खरं काय?"

कब्जाची दुरुस्ती मिळण्यासारखी आहे. गट नंबरची मिळेल. खरेदीखत रद्द करण्याची बहुधा मिळणार नाही, आणि ती बाकीच्या दोघींच्या गळ्यात बांधली तर त्यांनाही बुडवेल. म्हणून तिन्ही मागण्या एकाच अर्जात टाकायला तुमच्या वकिलांना लावू नका.

समोरचे वकील अर्धं खरं सांगत आहेत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ६ रूल १७ मध्ये आजही लिहिलेलं आहे की दाव्याच्या कोणत्याही टप्प्यावर कोर्ट दुरुस्तीला परवानगी देऊ शकतं. पक्षकारांमधला खरा वाद मिटवायला जी दुरुस्ती लागते ती करू द्यावी, हाच त्या नियमाचा जीव आहे. आपल्या मुंबई हायकोर्टाने १९०९ साली किसनदास विरुद्ध राचप्पा या निवाड्यात दोन कसोट्या सांगितल्या. दुरुस्तीने समोरच्यावर अन्याय होऊ नये, आणि वादाचा खरा प्रश्न ठरवायला ती गरजेची असावी. सुप्रीम कोर्टाने १९५७ मध्ये पिरगोंडा पाटील यांच्या प्रकरणात त्याच कसोट्या उचलून धरल्या. समोरच्याला झालेला त्रास खर्चाच्या रकमेने भरून निघत असेल तर दुरुस्ती द्यावी, अशी कोर्टांची वहिवाट त्यातूनच पडली.

पण १ जुलै २००२ पासून त्या नियमाला एक परंतुक जोडलं गेलं. त्याआधी १९९९ च्या दुरुस्ती कायद्याने हा नियमच काढून टाकायचं ठरलं होतं. वकिलांनी मोठा विरोध केला, ते अमलात आलं नाही, आणि नियम परत आला तो अट घेऊन. अट अशी: ट्रायल सुरू झाल्यावर दुरुस्ती द्यायची नाही, मात्र योग्य दक्षता घेऊनही पक्षकाराला ती गोष्ट ट्रायलपूर्वी मांडता आली नसती, असं कोर्टाचं मत झालं तर देता येईल. (१ जुलै २००२ पूर्वी दाखल झालेल्या दाव्याला आणि कैफियतीला ही अट लागू नाही. वाटपाचे असे जुने दावे अजूनही बोर्डावर असतात, म्हणून सांगितलं.)

ट्रायल कधी सुरू झाली यावर पूर्वी बरीच ओढाताण व्हायची. मुद्दे निघाले की सुरू, असं काही निवाड्यांत आहे. २००८ साली विद्याबाई विरुद्ध पद्मलता या निवाड्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सरतपासाचं प्रतिज्ञापत्र दाखल झालं की ट्रायल सुरू झाली, आणि परंतुकातली अट पूर्ण झाल्याशिवाय दुरुस्ती द्यायचा कोर्टाला अधिकारच पोचत नाही. तुमच्याकडे मुद्देही निघाले, सरतपासही दाखल झाला, उलटतपास अर्ध्यावर आला. तेव्हा "ट्रायल अजून सुरूच नाही" या युक्तिवादात एकही तारीख घालवू नका. ती सुरू झाली हे अर्जातच मान्य करा आणि थेट दक्षतेवर या.

दक्षता म्हणजे काय, हे समजलं की तुमच्या तिन्ही मागण्यांचा निकाल तुम्हाला स्वतःलाच सांगता येईल. कोर्ट दोन प्रश्न विचारतं. ही गोष्ट तुम्हाला कधी कळली? आणि कळल्यापासून अर्ज देईपर्यंत तुम्ही काय करत होतात? पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरतपासाच्या तारखेच्या अलीकडचं असेल तर दार उघडं आहे. पलीकडचं असेल तर ते आधी का आणलं नाही याचं सबळ कारण लागतं. ते कारण अर्जात लिहिलेलं हवं, तोंडी सांगून चालत नाही. "नजरचुकीने राहून गेले" हे कारण नव्हे. वकिलीच्या पहिल्या काही वर्षांत मी स्वतः असा एक अर्ज दिला होता. अशिलाची मागणी रास्त होती, कागदही होते. अर्जात मात्र मी "नजरचुकीने सदर बाब नमूद करावयाची राहिली" एवढंच लिहिलं. न्यायाधीशांनी शांतपणे विचारलं, "वकीलसाहेब, मी आदेशात दक्षतेबद्दल काय लिहू? तुम्ही तर काहीच लिहिलेलं नाही." अर्ज नामंजूर झाला. ते नामंजूर करणं बरोबर होतं, हे मला आज पक्कं पटतं. आदेश लिहायला लागणारी सामग्री अर्जदाराने पुरवायची असते.

ही नुसती चांगली सवय नाही, कायद्याने लागणारी गोष्ट आहे. पंडित महाले विरुद्ध मोनिका महाले या २०२० च्या निवाड्यात सुप्रीम कोर्टाने दुरुस्ती मंजूर करणारा आदेश रद्द केला, कारण दक्षतेबद्दल कोर्टाने काही निष्कर्षच नोंदवला नव्हता. म्हणजे अर्ज मोघम असला आणि खालच्या कोर्टाने दया दाखवून मंजूर केला, तरी वर तो टिकत नाही. दोन वर्षं हायकोर्टात जातात आणि तुम्ही परत होता तिथेच येता.

आता कब्जाचं बघू, कारण तुमचा खरा जीव त्यातच आहे. दावा लावला तेव्हा ते ८ आर तुमच्या ताब्यात होतं, म्हणून तुम्ही मनाई मागितली. मे २०२३ मध्ये ते गेलं. आज तुम्ही दावा जिंकलात तरी त्या पट्ट्यापुरती मनाई मिळणार नाही, कारण जी जमीन आपल्या ताब्यातच नाही तिथे "अडथळा करू नका" असा हुकूम निरर्थक होतो. कब्जा मागितलेला नसेल तर कोर्ट तो आपणहून देत नाही. त्यामुळे खरा वाद मिटवायला ही दुरुस्ती गरजेची आहे, ही कसोटी पार पडते. आणि घटना सरतपासानंतर चार महिन्यांनी घडली, त्यामुळे ती आधी मांडणं कोणत्याही दक्ष माणसाला शक्यच नव्हतं. परंतुकाची अटही पार पडते.

मनाईच्या दाव्याचा कब्जाचा दावा केला म्हणजे दाव्याचं स्वरूप बदललं, अशी हरकत हमखास येते. तिला उत्तर आहे २००२ चा संपत कुमार विरुद्ध अय्याकन्नू हा निवाडा. तिथे दावा मनाईचाच होता, १९८८ सालचा. दावा चालू असताना आपला कब्जा गेला असं वादीचं म्हणणं होतं, आणि दुरुस्ती त्याने मागितली ती ११ वर्षांनी. सुप्रीम कोर्टाने म्हटलं की याच गोष्टीसाठी त्याला वेगळा दावा लावता आला असता, मग तोच प्रश्न या दाव्यात येऊ द्यायला काय हरकत? मूळ दाव्याचा पाया तसाच राहतो, मागणी तेवढी बदलते. पण हा निवाडा वापरताना एक गोष्ट लपवू नका. तिथे ट्रायल अजून सुरू झाली नव्हती. आपल्या वकिलांनी तो फक्त "स्वरूप बदलत नाही" एवढ्यापुरता दाखवावा, दक्षतेसाठी नव्हे. जास्त ताणला की समोरचा हा फरक दाखवतो आणि आपला सगळाच युक्तिवाद हलका पडतो.

त्याच निवाड्यात आणखी एक बारीक गोष्ट आहे आणि ती तुमच्या बाबतीत फार महत्त्वाची ठरणार आहे. साधारणपणे मंजूर झालेली दुरुस्ती दावा दाखल झाल्या दिवसापासून होती असं धरलं जातं. पण हा नियम सरसकट नाही. संपत कुमारमध्ये कोर्टाने सांगितलं की मालकी आणि कब्जाची मागणी दुरुस्तीचा अर्ज दिला त्या दिवशी केली असं धरायचं. तुमच्याकडे याचा अर्थ काय होतो बघा. प्रतिवादी म्हणणार, आमचं खरेदीखत २०१२ चं आहे, तेव्हापासून आम्ही तो पट्टा वहिवाटतो, १२ वर्षं झाली, आता कब्जा मागायची मुदत संपली. तुमची मागणी २०१९ ची धरली तर त्याची १२ वर्षं भरतच नाहीत. २०२५ ची धरली तर त्याला निदान तसं म्हणायला जागा मिळते. म्हणून अर्ज जितका लांबेल तितकी ती जागा रुंद होत जाते. न्यायाधीश बहुधा दुरुस्ती देतील, मुदतीचा प्रश्न खुला ठेवतील आणि त्यावर वेगळा मुद्दा काढतील. मुदतीबद्दल खरोखर दोन बाजू असतील तर असंच करावं, हे अलीकडे २०२२ च्या एलआयसी विरुद्ध संजीव बिल्डर्स या निवाड्यातून दिसतं. तो दावा आपल्या मुंबईचाच, १९८६ सालचा. मग १२ वर्षांची वहिवाट होती हे पुराव्याने दाखवायचं ओझं प्रतिवादीवर येईल, आणि तुमची एनसी, तलाठ्याकडच्या पीक पाहणीच्या नोंदी, २०१९ पूर्वीचे सातबारे त्याच्यासमोर उभे राहतील.

इथे मला तुम्हाला एक सरळ प्रश्न विचारायचा आहे. तुमच्या उलटतपासाची प्रत काढा आणि प्रत्येक ओळ वाचा. "पूर्वेकडचा पट्टा प्रतिवादी गेली चार-पाच वर्षं करतात हे खरं" असं काही तुमच्या तोंडून गेलंय का? माझ्याकडे एका बांधाच्या दाव्यात नेमकं हेच झालं. दुरुस्ती अर्जात अतिक्रमण ट्रायल सुरू झाल्यानंतरचं लिहिलं होतं, आणि त्याआधीच्या महिन्यात उलटतपासात अशील घाईने "होय" म्हणून बसले होते. समोरच्या वकिलांनी ती एकच ओळ वाचून दाखवली. उलटतपासात दिलेली कबुली दुरुस्तीने पुसता येत नाही. तशी ओळ असेल तर आपल्या वकिलांना अर्ज लिहिण्याआधी सांगा, नंतर नाही.

तसंच "अतिक्रमण झालं" आणि "अतिक्रमण मोजणीत समजलं" यात फरक ठेवा. तुमच्याकडे बांध फोडल्याची तारीख आहे, एनसी आहे, हे भाग्य समजा. बरेच पक्षकार फक्त नकाशावर विसंबतात. नकाशा सांगतो की आज ८ आर त्यांच्याकडे आहे. ते कधी गेलं हे नकाशा सांगत नाही. मग कोर्ट विचारतं, मोजणी दावा लावण्यापूर्वीच का करून घेतली नाही? सरकारी मोजणी तर कोणालाही पैसे भरून मागता येते. त्याला उत्तर नसतं आणि अर्ज जातो. म्हणून तुमच्या अर्जात घटनेची तारीख आधी आणि नकाशा तिला आधार म्हणून नंतर, हाच क्रम हवा.

तुमची खरी कमकुवत जागा दुसऱ्या प्रश्नात आहे. नकाशा नोव्हेंबर २०२३ ला आला आणि आज जानेवारी २०२५ आहे. चौदा महिने. नुसत्या उशिरासाठी दुरुस्ती नाकारू नये असं सुप्रीम कोर्टाने अनेकदा म्हटलंय, पण ट्रायल चालू असताना उशीर हा दक्षतेचाच भाग होऊन बसतो. रोजनाम्याची नक्कल काढा. समोरच्यांनी नकाशावर हरकत घेतली होती का, ती कधी निकाली निघाली, मोजणीदाराचा जबाब झाला का, किती तारखा कोर्टात न्यायाधीश नव्हते म्हणून गेल्या, हे सगळं तिथे असतं. यातलं जे खरं असेल तेच लिहा. काही महिने खरोखर काहीच केलं नसेल तर तेही स्वच्छ कबूल करा आणि खर्च सोसायची तयारी दाखवा. न्यायाधीश रोजनामा समोर ठेवूनच अर्ज वाचतात. बनवलेलं कारण पहिल्या वाचनात उघडं पडतं आणि मग खऱ्या घटनेवरचाही विश्वास जातो.

दक्षतेचा परिच्छेद कसा दिसावा याचा नमुना देतो. दिवस तुमचे खरे घाला:

"वादी यांचा सरतपास दि. १७/०१/२०२३ रोजी दाखल झाला. त्यानंतर दि. २१/०५/२०२३ रोजी प्रतिवादी यांनी दावा मिळकतीच्या पूर्वेकडील बांध ट्रॅक्टरने फोडून अंदाजे ८ आर क्षेत्र नांगरून आपल्या कब्जात घेतले. त्याबाबत वादी यांनी त्याच दिवशी पोलीस ठाण्यात तक्रार दिली असून तिची नक्कल सोबत जोडली आहे. वादी यांनी दि. १०/०७/२०२३ रोजी मोजणीकरिता अर्ज दिला. कोर्ट कमिशनर यांचा नकाशा दि. २४/११/२०२३ रोजी दाखल झाला. सदर घटना सरतपास दाखल झाल्यानंतरची असल्याने योग्य ती दक्षता घेऊनही ती त्यापूर्वी मांडणे वादी यांना शक्य नव्हते. नकाशा दाखल झाल्यापासून आजपर्यंतच्या कालावधीचा खुलासा कलम ४ मध्ये केला आहे."

या परिच्छेदात "गंभीर अन्याय होईल", "न्यायहितार्थ" असं काही नाही हे पाहा. ते शब्द लिहायला हरकत नाही, पण ते तारखांची जागा घेऊ शकत नाहीत. अर्जासोबत तुमचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र हवं, आणि दाव्यात कोणत्या कलमानंतर कोणता मजकूर घालायचा, मागणीत कोणतं नवं कलम येणार, हे शब्दशः लिहिलेलं हवं. "योग्य ती दुरुस्ती करण्यास परवानगी व्हावी" असा अर्ज कोर्ट वाचूनसुद्धा पाहत नाही, कारण कशाला परवानगी द्यायची तेच त्यात नसतं. कब्जा मागताना ८ आरची चतुःसीमा कमिशनरच्या नकाशातल्या खुणांप्रमाणे लिहा, तो नकाशा दाव्याचा भाग करा. कब्जाच्या मागणीवर कोर्ट फी वेगळी बसते. शेतजमिनीला ती आकारणीच्या पटीत निघते आणि रक्कम फार होत नाही, पण मूल्यांकनाचं कलमसुद्धा दुरुस्त करायला विसरू नका. दुरुस्तीनंतर दाव्याचं मूल्य कोर्टाच्या आर्थिक अधिकाराबाहेर तर जात नाही ना, हे वकिलांनी आधीच तपासायचं.

समोरचे म्हणण्यात लिहितील की अतिक्रमण झालेलंच नाही, नकाशा चुकीचा आहे. त्याला घाबरू नका. दुरुस्तीत लिहिलेलं खरं की खोटं हे या टप्प्यावर ठरत नाही, ते पुराव्याने शेवटी ठरतं. इथे फक्त एवढंच बघायचं असतं की हे मांडू द्यायचं की नाही.

खरेदीखताचं मात्र मला वेगळं आणि वाईट वाटतं, कारण ही दुरुस्ती एके काळी सहज मिळाली असती. १० डिसेंबर २०१९ ला कैफियत तुमच्या वकिलांच्या हातात पडली. त्यात खरेदीखताचा नंबर, तारीख, क्षेत्र सगळं होतं. त्या दिवसापासून सरतपासापर्यंत तीन वर्षांहून जास्त काळ ट्रायल सुरूच झाली नव्हती, आणि ट्रायलपूर्वीच्या दुरुस्तीला परंतुक लागूच होत नाही. शिवाय प्रतिवादीने मालकीलाच आव्हान दिलं आणि त्याला कागदाचा आधार असला, तर नुसत्या मनाईच्या दाव्यावर बसून राहू नये, मालकी जाहीर करून मागावी, हे सुप्रीम कोर्टाने २००८ सालीच अनाथुला सुधाकर या निवाड्यात सांगितलेलं आहे. म्हणजे गरज तेव्हाच दिसत होती. आज तुम्ही योग्य दक्षतेबद्दल काय लिहिणार? खरेदीखत तुम्हाला माहीत होतं, कैफियतीत होतं, त्यावर बहुधा एक मुद्दाही निघाला असेल. पहिल्या प्रश्नाचं उत्तरच सरतपासाच्या पलीकडचं आहे. "आधीच्या वकिलांनी सांगितलं नाही" हे कारण बहुतेक कोर्टं स्वीकारत नाहीत.

त्यात मुदत आहे. दस्त रद्द करून मागायला मुदत कायद्याच्या ५९ व्या कलमाने, तो रद्द मागण्याचा हक्क देणारी हकीकत कळल्यापासून ३ वर्षं मिळतात. जाहीर करून मागायलाही ५८ व्या कलमाने ३ वर्षंच. कैफियतीपासून मोजलं तर १० डिसेंबर २०२२ ला संपतात. सुप्रीम कोर्टाने कोविडसाठी १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला आहे, तो पूर्ण धरला तरी नोव्हेंबर २०२४ अखेर मुदत संपली. तुम्ही दोन महिने आधी विचारलं असतंत तर निदान स्वतंत्र दावा लावा असं मी म्हटलं असतं. आज उघडपणे मुदतबाह्य झालेली मागणी दुरुस्तीच्या वाटेने आत आणायला कोर्ट सहसा देत नाही, कारण तेवढ्याने समोरच्याला कायद्याने मिळालेला बचाव हिरावला जातो. तो खर्च देऊन भरून निघत नाही.

मग १० आर गेलं का? तसं लगेच समजू नका. चुलत्यांना तुमच्या गटातलं काही विकायचा हक्कच नव्हता, जमीन एकट्या तुमच्या वडिलांची होती असं कागदांवरून दिसत असेल, तर त्या दस्ताने खरेदीदाराला काहीच मिळालेलं नाही. ज्याचं नव्हतं त्याने विकलेलं खत तुम्ही रद्द करून घ्यायलाच हवं असं नाही. मालकीच्या आधारावर कब्जा मागताना तुमची मालकी तुम्हाला सिद्ध करावीच लागते, आणि ती करताना ते खत आपल्यावर बंधनकारक नाही हा युक्तिवाद तुम्हाला खुला राहतो. मालकीवरच्या कब्जाला मुदत १२ वर्षांची. पण जमीन वाडवडिलार्जित असून चुलत्यांचाही हिस्सा होता, नुसती तोंडी वाटणी होती, असं असेल तर चित्र पूर्ण बदलतं. जुने फेरफार आणि वाटपाची नोंद पाहूनच तुमच्या वकिलांनी हे ठरवावं. मी इतकंच सांगेन की खरेदीखताची मागणी कब्जाच्या अर्जात मिसळू नका. मिसळली की न्यायाधीशांना वाटतं, हा माणूस पाच वर्षं झोपला आणि आता एक ताजी घटना पुढे करून जुनं सगळं आत ढकलतोय. तसं वाटलं तर ताजी घटनाही त्याच आदेशात वाहून जाते. खरेदीखताचा अर्ज द्यायचाच असं वकिलांनी ठरवलं तर तो वेगळा द्यावा आणि कब्जाच्या अर्जाचा निकाल लागल्यावर द्यावा.

गट नंबरचं थोडक्यात. दाव्याच्या शीर्षकात, मागणीत, सातबाऱ्यात, सरतपासात सगळीकडे २१४ आहे आणि फक्त कलम ३ मध्ये २४१, म्हणजे ही टंकलेखनाची चूक आहे हे कागदच सांगतात. समोरच्यानेही कैफियतीत २१४ धरूनच उत्तर दिलेलं असणार. याने कोणाचं काही बिघडत नाही. हा एका पानाचा वेगळा अर्ज, बहुधा त्याच दिवशी किंवा पुढच्या तारखेला मंजूर. हीच चूक मागणीतही असती आणि हुकूमनाम्यात उतरली असती, तर अंमलबजावणीच्या वेळी तुम्हाला चुकीच्या गटाच्या बांधावर उभं राहावं लागलं असतं, म्हणून क्षुल्लक समजून सोडू नका. मात्र नंबर नीट करतोय असं सांगून चतुःसीमा किंवा क्षेत्र बदलायचा मोह टाळा. १ हेक्टर २० आरचं १ हेक्टर ३० आर झालं की ती टायपिंगची चूक राहत नाही.

समोरच्या बाजूबद्दलही एक गोष्ट लक्षात असू द्या, कारण तुमचा अर्ज मंजूर झाला की तेही कैफियत दुरुस्त करायला येतील. कैफियतीच्या दुरुस्तीकडे कोर्ट जरा सैल हाताने पाहतं. प्रतिवादीला नवा बचाव, पर्यायी बचाव, अगदी विसंगत बचावही घेता येतो. पण कैफियतीत एकदा दिलेली स्पष्ट कबुली पूर्ण पुसून टाकून वादीचा मिळालेला फायदा काढून घेता येत नाही, हे मोदी स्पिनिंगच्या १९७६ च्या निवाड्यापासून पक्कं आहे. त्यांनी २०१९ च्या कैफियतीत "पूर्वेकडील बांध अस्तित्वात आहे" असं कुठे लिहिलं असेल तर ती ओळ आजच अधोरेखित करून ठेवा. दक्षतेचं परंतुक त्यांनाही तितकंच लागू आहे.

अर्ज नामंजूर झाला तर त्यावर अपील नाही, आणि २००२ नंतर रिव्हिजनही चालत नाही, कारण त्या आदेशाने दावा संपत नाही. राज्यघटनेच्या २२७ व्या कलमाखाली हायकोर्टात रिट याचिका करावी लागते. तिथे हायकोर्ट नव्याने विचार करत नाही, खालच्या कोर्टाने कायद्याची चौकट सोडली का एवढंच पाहतं. तुमच्यापुरता दिलासा असा की मे २०२३ चं अतिक्रमण ही दाव्यानंतरची घटना असल्याने कब्जासाठी वेगळा दावा लावायचा रस्ताही खुला आहे. पण त्यात परत पहिल्यापासून सहा वर्षं जातील, म्हणून आधी दुरुस्तीचाच प्रयत्न करायचा.

मंजूर झाला तर आदेशात बहुधा खर्चाची रक्कम आणि दुरुस्ती करायची मुदत असेल. आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर ऑर्डर ६ रूल १८ प्रमाणे आदेशापासून १४ दिवसांत दुरुस्ती प्रत्यक्ष दाव्यात उतरवायची असते. ती मुदत गेली आणि कोर्टाने वाढवून दिली नाही, तर मंजूर झालेली दुरुस्तीही करता येत नाही. हे अगदी नियमित घडतं: आदेश मिळाला या आनंदात पक्षकार गावी जातो, वकिलांचा कारकून दुसऱ्या फायलीत असतो, आणि दोन महिन्यांनी समोरचा विचारतो, दुरुस्ती झालीच कुठे? म्हणून खर्च त्याच आठवड्यात भरा, दुरुस्त दाव्याची स्वच्छ प्रत आणि जादा कोर्ट फी दाखल करा. मग समोरच्यांची जादा कैफियत येईल, कब्जाचा आणि मुदतीचा असे नवे मुद्दे निघतील, आणि नव्या मजकुरापुरता तुमचा जादा सरतपास द्यावा लागेल. त्या सरतपासात मे २०२३ ची तारीख, एनसीचा नंबर आणि नकाशावरच्या खुणा अर्जातल्यासारख्याच यायला हव्यात, एका दिवसाचाही फरक नको. उलटतपासाचा पहिला प्रश्न त्याच तारखेवर येणार आहे.